फलकावरची रेंज आणि शनिवारची टेस्ट राइड

‘शनिवार-रविवार टेस्ट राइड, एका चार्जमध्ये 125 किलोमीटर’ अशा फलकावरचा आकडा बहुधा खोटा नसतो, पण तो रस्त्यावरचाही नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत स्कूटरचं चाक रोलरवर फिरवून ही चाचणी होते. ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’प्रमाणे वेग ताशी 42 किलोमीटरच्या वर जात नाही, सरासरी तर 22च्या आसपास. चढ नाही, मागे कुणी बसलेलं नाही. शोरूमवाल्याने याच फलकावर ‘प्रयोगशाळेत’ एवढा एक शब्द जरी घातला, तरी गिऱ्हाइकाची फसगत टळेल.

समजा, बॅटरी 3 युनिटची आहे. फलकाच्या हिशेबाने 3 युनिटमध्ये 125 किलोमीटर व्हायला हवेत. पण मोकळ्या रस्त्यावर आपण पन्नास-पंचावन्नने जातो, हवेचा रोध झपाट्याने वाढतो आणि नव्वदच्या आसपास पोचतानाच दमछाक होते. डबलसीट, चढ, स्पोर्ट मोड असला तर आणखी घट.

म्हणून टेस्ट राइडला शोरूमभोवती एक चक्कर मारून उपयोग नाही. आठ-दहा किलोमीटर मागून घ्या, घरच्या कुणाला मागे बसवा आणि एखादा चढ गाठा. निघताना ट्रिप मीटर शून्यावर आणून चार्जचा टक्का टिपून ठेवा. समजा, 86 टक्क्यांवरून 9 किलोमीटरनंतर 74 उरले. 12 टक्क्यांत 9, म्हणजे पूर्ण चार्जला 75. टक्का पूर्णांकात दिसत असल्याने खरा आकडा थोडा मागेपुढे असणार, म्हणून सत्तर ते ऐंशी धरा. ‘उरलेली रेंज’ या आकड्यावर विसंबू नका. तो आधीच्या चालवण्यावरून बांधलेला अंदाज असतो.

आता रोजचा प्रवास त्यावर ठेवून बघा. हडपसरहून हिंजवडीला जाऊन येणं साठेक किलोमीटर. नव्या बॅटरीत ते बसतं. पण काही वर्षांनी क्षमता 80 टक्क्यांवर आली की त्या 75चे 60 होतात आणि हाताशी काहीच उरत नाही. अशा माणसाला मोठी बॅटरी किंवा ऑफिसात चार्जिंगची सोय हवीच. वॉरंटीत किती वर्षं लिहिलीत एवढंच बघू नका. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळेल, हे लेखी मागा.

गाडी पटली तर बुकिंग करा, पण टोकन भरण्याआधी ऑन-रोड किमतीचं कोटेशन घ्या. त्यात विमा, नोंदणी, चार्जर आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरचं पॅकेज वेगवेगळं दाखवलेलं हवं. पॅकेज ऐच्छिक आहे का, हे तिथेच विचारा. केंद्राचं अनुदान लागू असेल तर ते किमतीतूनच वजा होतं आणि त्यासाठी आधारची पडताळणी होते. गाडी ज्याच्या नावावर घ्यायची, त्याचंच आधार लागतं. रद्द केल्यास टोकन किती दिवसांत परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या. उरलेली रक्कम मात्र गाडी शोरूममध्ये आल्यावर, चेसिस नंबर आणि उत्पादनाचा महिना स्वतः पाहूनच भरा. महिनोन्महिने गोदामात पडून राहिलेली गाडी नको असेल तर नोंदणीआधीच नकार देता येतो.