फरशीखालच्या मातीपर्यंत

तळमजल्यावरच्या घरात दाराच्या चौकटीला मातीची बारीक नळी चढलेली दिसली, की पहिला हात झाडूकडे नाहीतर रॉकेलच्या बाटलीकडे जातो. नळी खरवडून काढली, रॉकेल फिरवलं, की महिनाभर बरं दिसतं. मग दोन हातांवरच्या दुसऱ्या चौकटीत तोच प्रकार. आपल्याकडे घरांना लागणारी वाळवी बहुतेक वेळा जमिनीतली असते. तिचं वसतिस्थान मातीत, ओलाव्यात असतं. लाकडाकडे येतात त्या फक्त कामकरी वाळव्या आणि उघड्यावर सुकून मरू नये म्हणून त्या मातीच्या नळीतून ये-जा करतात. म्हणून औषध लाकडापुरतं मारून भागत नाही. ते फरशीखालच्या मातीत, भिंतीच्या कडेने सलग पोचावं लागतं आणि बांधून झालेल्या घरात त्यासाठी भोकं पाडण्यावाचून इलाज नाही.

या कामासाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ चा तिसरा भाग. त्यानुसार फरशी आणि भिंत जिथे मिळतात त्या सांध्यालगत साधारण ३० सेंटिमीटरवर एक, १२ मिलिमीटर व्यासाचं भोक पाडायचं आणि प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर द्रावण सोडायचं. माती त्याआधीच घेईनाशी झाली, तर तिथेच थांबायचं. सांधाच का, तर फरशीखालचा काँक्रीटचा थर भिंतीपाशी संपतो, तिथे बारीक फट राहते आणि वाळवी त्याच फटीतून वर येते.

दहा बाय बाराची खोली घ्या. चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, म्हणजे फुटाला एक धरून ४४ भोकं आणि फार तर ४४ लिटर द्रावण. औषध इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल, तर लिटरभर पाण्याला २.१ मिलिलिटर पडतं, म्हणजे अख्ख्या खोलीला जेमतेम ९२ मिलिलिटर. एवढ्याशा औषधात पाणी वाढवलं तर डोळ्यांना काहीच कळत नाही. म्हणून बाटलीचं सील समोर फोडायला सांगा आणि माप समोर घ्यायला लावा.

खरी मेख भोकाच्या खोलीत आहे. ड्रिलमधून बाहेर येणाऱ्या भुकटीकडे बघत राहा. आधी टाइलची, मग सिमेंट-काँक्रीटची करडी भुकटी येते आणि बिट मुरमात शिरला की तिचा रंग बदलतो, ओलसर माती येऊ लागते, ड्रिल एकदम हलकं चालतं. तिथपर्यंत गेलं नाही, तर औषध काँक्रीटच्या थरातच अडकतं. भोकात टोक घालून पंप मारताच द्रावण लगेच वर उसळलं, तर बहुधा हेच झालेलं असतं. ते भोक आणखी खोल करून घ्यावं. उलट एखादं भोक लिटरभर सहज गिळून बसलं, तर खाली भराव खचून पोकळी झालेली असू शकते. तिथलं औषध पसरत नाही, सरळ खाली निघून जातं. अशा ठिकाणी शेजारी आणखी भोकं पाडणं बरं.

जोत्याच्या भिंतीत मात्र भोकं तिरपी, ४५ अंशांत, खाली उतरणारी असतात, म्हणजे औषध चिरेबंदीच्या किंवा विटांच्या सांध्यांत मुरतं. चौकटीला ६ मिलिमीटरची बारीक भोकं पाडून तेलात मिसळलेलं औषध सोडतात. शेवटी सगळी भोकं फरशीच्या रंगाला जुळणाऱ्या सिमेंटने बुजवतात.

ड्रिल सुरू होण्याआधी नळाच्या आणि विजेच्या दडवलेल्या लाइनी कुठून गेल्यात ते खडूने दाखवून ठेवा. न्हाणीघरात वॉटरप्रूफिंगचा थर फुटला, तर वाळवी जाईल आणि गळती येईल. विहीर किंवा जमिनीखालची टाकी भिंतीलगत असेल, तर त्या बाजूला द्रावण सोडू देऊ नका. काम चालू असताना आणि फरशी सुकेपर्यंत मुलांना, गरोदर बाईला घरात ठेवू नये, आणि पाळलेली मासळी असेल तर तिचं भांडं आधी हलवावं.

वरच्या मजल्यावर फरशीत भोकं पाडायला कोणी आला, तर त्याला विचारा, खाली माती कुठे आहे? तिथे स्लॅब असतो. त्या मजल्यावर वाळवी दिसली, तर आधी गळणारा नळ किंवा भिंतीतली ओल शोधावी. आणि लाकडातच राहणारी, कोरडी वाळवी या उपायाला दादच देत नाही. तिची खूण म्हणजे फर्निचरखाली पडणारे दाणेदार कण. मातीच्या नळ्या तिथे दिसत नाहीत.

इमिडाक्लोप्रिडचा परिणाम सावकाश होतो. वाळव्यांना त्याचा वास लागत नाही. त्या औषधातून चालतात आणि एकमेकींना भरवताना, चाटताना ते पसरवतात. म्हणून दुसऱ्या दिवशी नळीत जिवंत वाळवी दिसली तरी घाबरायचं कारण नाही. नळी पूर्ण काढून टाकू नका. मध्यभागी इंचभर तोडून ठेवा आणि काही आठवड्यांनी पाहा. तुटलेला भाग ओल्या मातीने पुन्हा सांधला गेला असेल, तर त्या भिंतीच्या भोकांपैकी कुठलं तरी मातीपर्यंत पोचलेलं नाही. कंत्राटदाराला बोलावून त्याच पट्ट्यात पुन्हा ड्रिल करायला लावा.