निवृत्तीपत्र लिहिलं, म्हणजे सुटलो?

‘मी तर त्या फर्ममधून केव्हाच बाहेर पडलो, माझा आता काय संबंध?’ चिंचोळी एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराच्या हातात जुन्या फर्मच्या उधारीची नोटीस पडली की पहिलं वाक्य हेच येतं. पाठोपाठ पिशवीतून कागद निघतो. मुद्रांकावरचं निवृत्तीपत्र, सगळ्या भागीदारांच्या सह्या, नोटरीचा गोल शिक्का. कागद खराच असतो. त्यातून काढलेला अर्थ तेवढा चुकीचा असतो, आणि तो कितीही वेळा समजावला तरी पुढचा माणूस तोच अर्थ घेऊन येतो.

निवृत्तीपत्र हा भागीदारांचा आपसातला करार आहे. सूत देणारा व्यापारी, बँक, जीएसटी खातं यांनी त्यावर सही केलेली नसते. त्यामुळे ‘निवृत्त भागीदाराची यापुढे कोणतीही जबाबदारी राहणार नाही’ हे त्यातलं आवडतं वाक्य बाहेरच्या माणसाला बांधत नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 मधलं कलम 32 वाचायला पाच मिनिटं लागतात. ते कुणी वाचत नाही.

एक उदाहरण घेऊ. टेरी टॉवेल विणणारी तिघांची फर्म. एकाने पैसा घातला, दुसरा सुताची खरेदी पाहतो, तिसरा शेडवर उभा राहून माग चालवून घेतो. खरेदी पाहणारा 31 मार्चला बाहेर पडला. त्या दिवशी सूत व्यापाऱ्याचे 7 लाख देणं होतं. निवृत्तीपत्रात लिहिलं, ‘सर्व देणी उरलेले दोघे भागवतील.’ पाटी तीच, फर्मचं नाव तेच, बिलं तशीच. नोव्हेंबरात उरलेल्या दोघांनी त्याच व्यापाऱ्याकडून आणखी 11 लाखांचं सूत उधार घेतलं आणि मग फर्म बसली. व्यापारी 18 लाखांसाठी तिघांवर दावा लावतो.

आधी ते 7 लाख पाहू. उधारी झाली तेव्हा हा गृहस्थ भागीदार होता, आणि कलम 25 प्रमाणे प्रत्येक भागीदार फर्मच्या देण्याला एकत्रितपणे आणि एकटाही जबाबदार असतो. एकटा म्हणजे पूर्ण 7 लाखांना. ‘माझा हिस्सा तिसरा, मी तिसरा भाग देईन’ हा हिशोब व्यापाऱ्यासमोर चालत नाही; तो भागीदारांनी नंतर एकमेकांत करायचा. या जुन्या देण्यातून सुटायची वाट कलम 32 च्या दुसऱ्या पोटकलमात आहे: व्यापारी, निवृत्त होणारा आणि उरलेली फर्म यांच्यात तसं ठरायला हवं. व्यवहारात याचा अर्थ व्यापाऱ्याकडून पत्र घेणं, की ही बाकी आता उरलेल्या दोघांच्या नावे धरली, यांच्याकडे मागणी नाही. निवृत्तीपत्रातलं ‘दोघे भागवतील’ हे वाक्य एवढ्याच कामाचं, की आधी खिशातून भरलेले पैसे नंतर त्या दोघांकडून मागता येतात. फर्म बसलेली असताना त्या दोघांकडून किती निघतील, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता नोव्हेंबरचे 11 लाख. इथे माणसं चिडतात. ‘मी त्या सुताचा धागासुद्धा पाहिला नाही!’ बरोबर, पण निवृत्तीची जाहीर सूचना दिली जाईपर्यंत निवृत्त भागीदार बाहेरच्यांना भागीदारासारखाच जबाबदार राहतो, असं तिसरं पोटकलम म्हणतं. अपवाद एकच: तो भागीदार होता हेच ज्याला ठाऊक नव्हतं, त्याला या माणसावर दावा करता येत नाही. आपल्या उदाहरणातला तर खरेदी पाहणारा. व्यापाऱ्याने आजवर व्यवहार केला तो त्याच्याच तोंडाकडे बघून.

जाहीर सूचना कशाला म्हणायचं, हे कलम 72 सांगतं. फर्म नोंदलेली असेल तर तीन गोष्टी लागतात: भागीदारी संस्था निबंधकांकडे कलम 63 प्रमाणे सूचना, राजपत्रात प्रसिद्धी, आणि ज्या जिल्ह्यात फर्मचं मुख्य ठिकाण आहे तिथे खपणाऱ्या निदान एका देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात प्रसिद्धी. म्हणजे चिंचोळीच्या फर्मसाठी सोलापूर जिल्ह्यात वाचलं जाणारं मराठी दैनिक. बहुतेक लोक छोटी जाहिरात देतात, कात्रण फाइलला लावतात आणि राजपत्र विसरतात. कायद्यात ‘किंवा’ नाही, ‘आणि’ आहे. बरं, ही सूचना निवृत्त होणाऱ्याला स्वतःलाही देता येते. उरलेल्या भागीदारांच्या मागे लागायची गरज नाही.

बँकेचं आणखी वेगळं. सीसी घेताना प्रत्येक भागीदाराने वैयक्तिक जामीनपत्रावर सही केलेली असते, तो स्वतंत्र करार. फर्म सोडली म्हणून तो आपोआप सुटत नाही. बँकेकडून मुक्ततेचं लेखी पत्रच लागतं. आणि जीएसटीत कलम 90 आहे: निवृत्तीची तारीख एका महिन्याच्या आत आयुक्तांना लेखी कळवली नाही, तर कळवल्याची सूचना पोहोचेल त्या तारखेपर्यंतची जबाबदारी चालू. सीए करून घेईल म्हणून हे सोडून देऊ नये, त्याच्याकडून पोच मागून घ्यावी.

खरं तर ही डोकेदुखी मूळ करारनाम्यातच कमी करता येते, पण तो बहुधा जुन्या नमुन्यावरून नावं बदलून टंकलेला असतो. बाहेर पडायला किती दिवसांची लेखी सूचना, हिशोब कोणत्या तारखेच्या ताळेबंदावर, माग पुस्तकी किमतीला धरायचे की बाजारभावाने, पैसे किती हप्त्यांत, हे त्यात हवं. पुस्तकी किमतीचा मुद्दा किरकोळ नाही. 20 लाखांचे माग दरसाल 15 टक्के घसाऱ्याने पाच वर्षांनी वह्यांत सुमारे 8 लाख 87 हजारांचे उरतात. बाजारात त्यांना 13 लाख येणार असतील, तर जाणाऱ्याला त्या फरकातला आपला वाटा मिळायचा की नाही, हे भांडण होण्याआधी ठरवायचं असतं. करारात काहीच नसेल आणि हिशोब न मिटवता बाकीचे धंदा चालवत राहिले, तर कलम 37 जाणाऱ्याला निवड देतं: त्याच्या वाट्याच्या मालमत्तेवर झालेल्या नफ्यातला हिस्सा, नाहीतर येणं रकमेवर 6 टक्के व्याज. 9 लाख अडकले असतील तर वर्षाला 54,000.

बाकीचे गैरसमज झटपट. भांडवल जास्त त्याचा नफा जास्त, हे करारात लिहिलं असेल तरच. नसेल तर नफा सारखा आणि तोटाही सारखा, 15 लाख घालणाऱ्याचा आणि काहीच न घालणाऱ्याचा. शेडवर दिवसभर राबणाऱ्या भागीदाराला करारात लिहिल्याशिवाय मेहनताना नाही. एमआयडीसीचा भूखंड भाडेपट्ट्याचा असतो, त्यामुळे तो एका भागीदाराच्या नावे असेल तर ‘फर्मची मालमत्ता’ असं करारात टंकून भागत नाही, महामंडळाची परवानगी लागते.

नोंदणी नसलेली फर्म बेकायदा नसते. मात्र तिला ग्राहकाकडच्या येण्यासाठी दावा लावता येत नाही. महाराष्ट्राने 1984 मध्ये याहून पुढे जाऊन नोंदणी नसेल तर विसर्जनाचा आणि हिशोबाचा दावाही बंद केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. काही वकील अजून जुनंच सांगतात.

आणि ‘भागीदार वारला तरी फर्म चालू राहील’ हे कलम तिघांच्या फर्ममध्ये उपयोगाचं आहे. दोघांच्याच फर्ममध्ये एक गेला की भागीदारीच उरत नाही, कारण ती करायला दोन माणसं लागतात. मुलाला घ्यायचं असेल तर त्याच्याशी नवा करार करावा लागतो.