घरच्या कंपनीचे हिशेब : लेखांक ६
‘वगळता’ या शब्दाची जागा

मागच्या लेखात ताळेबंद पाहिला. आता त्याला जोडलेला लेखापरीक्षकांचा अहवाल. घरच्या कंपनीत आई, काका, वहिनी असे बरेच संचालक इंग्रजी अहवाल मराठीतून समजून घेतात. तो सांगणाऱ्याचा कस दुसऱ्याच परिच्छेदात लागतो.

निरपवाद मत, म्हणजे लोक ज्याला क्लीन रिपोर्ट म्हणतात ते, सांगायला सोपं आहे : हिशेब सर्व महत्त्वाच्या बाबतींत सत्य व वाजवी चित्र देतात. क्वालिफाइड मतातही हेच शब्द येतात, फक्त एक बाब वगळून. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे ‘अमुक बाबीचा परिणाम वगळता हिशेब सत्य व वाजवी आहेत’ असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या कानात ‘वाजवी आहेत’ एवढंच राहतं. काका समाधानाने मान डोलावतात आणि सही करतात. म्हणून मी क्रम बदलतो. आधी अपवाद, तोही रुपयांत. मग बाकीच्या हिशेबाबद्दलचं मत.

समजा, एका यंत्रमाग कंपनीने कराआधी ६५ लाख रुपये नफा दाखवला आहे. गोदामातलं जुनं कापड खरेदीच्या भावाने धरलंय, पण बाजारात ते ४० लाखांनी कमी किमतीला जाईल. नियमाप्रमाणे खर्चाची किंमत आणि विक्रीतून हाती येणारी किंमत यांतली कमी ती धरायची. तसं केलेलं नाही. आता मराठीत असं सांगावं : ‘मालाची किंमत ४० लाखांनी जास्त धरली आहे, त्यामुळे नफा ६५ नव्हे, २५ लाख यायला हवा होता. एवढी बाब सोडली तर बाकीचे हिशेब लेखापरीक्षकांना मान्य आहेत.’ ही चूक हिशेबभर पसरलेली असती, तर मत थेट प्रतिकूल आलं असतं.

अजून एक बारीक फरक अनुवादात फार सहज हरवतो. कधी अहवालात ‘परिणाम’ असतो, तर कधी ‘संभाव्य परिणाम’. पहिल्यात चूक सापडलेली असते. दुसऱ्यात, समजा, एका शाखेतला माल मोजताना लेखापरीक्षक हजर नव्हते आणि दुसऱ्या मार्गानेही खात्री करता आली नाही. चूक आहे की नाही तेच ठरवता आलेलं नाही. ‘संभाव्य’ गाळलं तर शाखा सांभाळणाऱ्या पुतण्यावर नसलेला ठपका बसतो. घरात अशा गोष्टी फार दिवस राहतात.

‘विशेष लक्ष वेधणारी बाब’ मात्र अपवाद नव्हे. तिथे मत बदललेलं नसल्याचं अहवालातच लिहिलेलं असतं. ते वाक्य वगळू नये.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३४ नुसार अशा प्रत्येक अपवादावर संचालक मंडळाने आपल्या अहवालात स्पष्टीकरण द्यायचं असतं. वरच्या उदाहरणात कापडाची किंमत का उतरवली नाही, हे काकांनाच सांगावं लागेल. त्यासाठी मतामागचा आधार सांगणारा पुढचा परिच्छेद आकड्यांसकट, एकही वाक्य न गाळता त्यांच्यापुढे ठेवावा.