सोळा स्लाइड, एक साचा

समजा, महाविद्यालयातील चौघा विद्यार्थ्यांना ‘खारफुटीची मुळे’ या विषयावर सेमिनार द्यायचा आहे. प्रत्येकाने पॉवरपॉइंटमध्ये चार-चार स्लाइड केल्या आणि आदल्या रात्री त्या एकत्र जोडल्या. पाहतात तो काय, एका स्लाइडचे शीर्षक डावीकडे, दुसरीचे मधोमध. कुठे अक्षर मोठे, कुठे बारीक. स्लाइड बदलली की शीर्षक उडी मारते आणि पाहणाऱ्याची नजर मुळांऐवजी त्या उडीकडे जाते.

सोळाही स्लाइड हाताने दुरुस्त करण्याचे कारण नाही. View मधील Slide Master उघडा. डावीकडे सर्वांत वर जी मोठी स्लाइड दिसते ती ‘मास्टर’. तिच्याखालच्या लहान स्लाइड म्हणजे मांडणीचे नमुने. रबरी शिक्का एकदा उमटला की शिक्क्याचा आणि कागदाचा संबंध संपतो. येथे तसे नाही. शीर्षक कोठे असावे, किती मोठे असावे, ही माहिती साधी स्लाइड स्वतःजवळ ठेवतच नाही. ती आपल्या नमुन्याला विचारते, नमुना मास्टरला विचारतो. म्हणून मास्टरवरचे शीर्षक डावीकडे नेले की सगळ्या स्लाइडवरची शीर्षके डावीकडे सरकतात.

सगळ्या? आपल्या चौघांना मात्र सोळांपैकी नऊच सरकलेली दिसली. उरलेल्या सातांची गोष्ट अशी.

दोन स्लाइडवर शीर्षक हाताने ओढून हलवले होते. हाताने बदल केला की स्लाइड ती माहिती स्वतः बाळगू लागते आणि विचारणे सोडते. अशी स्लाइड निवडून Home मधील Reset दाबले की ती पुन्हा साच्यात येते.

एका स्लाइडवर तयार चौकट सोडून Text Box घालून शीर्षक लिहिले होते. दिसायला फरक नाही, पण अशा चौकटीचे साच्याशी नातेच नसते. ती ओळखण्याची युक्ती सोपी आहे : View मधील Outline View पाहा. Text Box मधला मजकूर तेथे दिसत नाही. तो तयार चौकटीत हलवावा.

राहिल्या चार. त्या चिकटवताना Keep Source Formatting निवडले गेले होते, त्यामुळे त्यांच्याबरोबर त्यांचा मास्टरही आला आणि फाइलीत दोन मास्टर झाले! त्या चारही स्लाइड निवडून Layout मधून पहिल्या मास्टरचा नमुना द्यावा. मुळात चिकटवतानाच Use Destination Theme निवडले असते तर हे टळले असते.

आता अक्षराचे माप. 16:9 प्रमाणातील नेहमीच्या स्लाइडची उंची 7.5 इंच, म्हणजे 540 पॉइंट. 24 पॉइंटाचे अक्षर घेतले तर दीड मीटर उंचीच्या पडद्यावर त्याचे माप सुमारे पावणेसात सेंटिमीटर येते. 12 पॉइंटाचे त्याच्या निम्मे. वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून स्वतः वाचून पाहावे आणि मगच माप मास्टरमध्ये ठरवावे. तेथेच मजकुराच्या चौकटीला Do not Autofit द्यावे. नाहीतर मजकूर वाढला की पॉवरपॉइंट अक्षरे गुपचूप लहान करते. ते बंद केल्यावर जास्तीचा मजकूर चौकटीबाहेर सांडतो, आणि त्या स्लाइडच्या दोन स्लाइड करायला हव्यात हे तेव्हाच कळते.