विश्लेषण : ‘रक्त’ या एका शब्दाने उलगडले भाषेचे व्याकरण! अनोळखी भाषा नोंदवतात तरी कशी?

ज्या भाषेचा शब्दकोश नाही, व्याकरणाचे पुस्तक नाही आणि बोलणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, ती भाषा अभ्यासायला सुरुवात कुठून करायची? भाषाशास्त्रज्ञ सोबत शब्दांची एक यादी घेऊन जातात. ‘याला तुमच्यात काय म्हणतात’ हा त्यांचा पहिला प्रश्न. मात्र या साध्या प्रश्नाला कधी कधी सरळ उत्तरच नसते. अंदमानातील ग्रेट अंदमानी भाषेच्या अभ्यासात नेमके हेच घडले आणि त्यातूनच त्या भाषेचे गुपित हाती लागले.

अंदमानात काय घडले?

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी २००५ मध्ये ग्रेट अंदमानी भाषेच्या सविस्तर नोंदणीचे काम हाती घेतले. हा समाज तेव्हा पन्नासेक लोकांचा होता आणि भाषा बोलू शकणारे जेमतेम नऊ-दहा. पोर्ट ब्लेअर आणि स्ट्रेट बेट येथे हे काम चालले. नाओ ज्युनिअर हे त्यांचे प्रमुख माहितीदार होते. दोघांमधला दुवा होता अंदमानात बोलली जाणारी हिंदी.

एके दिवशी अब्बी यांनी यादीतला ‘रक्त’ हा शब्द विचारला. उत्तराऐवजी नाओ यांनी प्रतिप्रश्न केला, रक्त येतंय कुठून? कुठून नाही, नुसता शब्द हवा आहे, असे सांगूनही ते अडून बसले. शेवटी काहीतरी सांगायचे म्हणून अब्बी म्हणाल्या, बोटावर. लगेच उत्तर आले, ‘ओंगतेइ’. मग एकामागून एक शब्द येत गेले. पायातून आले तर ‘ओतेइ’, शरीराच्या आत रक्तस्राव झाला तर ‘एतेइ’, त्वचेवर साकळले तर ‘एरतेइ’.

या चारही शब्दांत ‘तेइ’ सारखे आहे, बदलतो तो त्याआधीचा छोटा अंश. हा अंश रक्त शरीराच्या कोणत्या भागाशी निगडित आहे ते सांगतो. तो लावल्याशिवाय नुसते ‘रक्त’ म्हणायची सोयच त्या भाषेत नव्हती.

यादीत कोणते शब्द असतात?

या कामासाठी सर्वाधिक वापरली जाते ती अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वॉडेश यांच्या नावाची यादी. १९५० च्या दशकात त्यांनी आधी सुमारे २०० आणि नंतर १०० शब्दांची यादी तयार केली. त्यात मी, तू, डोळा, हात, पाणी, आग, रक्त, एक, दोन, खाणे, मरणे असे शब्द आहेत. टेबल, पोलीस किंवा चहा नाही. कारण सोपे आहे. शेजाऱ्यांकडून वस्तूंची नावे चटकन उसनी घेतली जातात. ‘हात’ किंवा ‘पाणी’ यांसारखे शब्द सहसा घरचेच राहतात. त्यामुळे दोन भाषांचे नाते तपासायला ते उपयोगी पडतात.

भारतात ही पद्धत नवी नाही. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात ठिकठिकाणच्या बोलींचे नमुने गोळा करताना शब्द आणि वाक्यांची एक ठरावीक यादी सगळीकडे पाठवली जात असे. फरक इतकाच की, तेव्हा ही यादी बहुधा सरकारी यंत्रणेमार्फत भरून घेतली जाई. आज अभ्यासक स्वतः बोलणाऱ्यासमोर बसतो.

प्रत्यक्ष बैठक कशी चालते?

पहिला प्रश्न असतो कुणाबरोबर बसायचे हा. भाषा सफाईने बोलणारी, गावातच वाढलेली व्यक्ती शोधली जाते. वयस्कर माणसांकडे शब्दसंपत्ती मोठी असते, पण दात पडलेले असतील तर काही उच्चार बदलतात. म्हणून उच्चारांसाठी आणखी एक-दोन जणांना सोबत घेतले जाते. ध्वनिमुद्रणाची आणि त्याच्या वापराची परवानगी घेतली जाते, वेळेचा मोबदला ठरवला जातो.

मग पंखा, कोंबड्या, रस्ता यांपासून दूर, शांत जागा निवडतात. मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे नाव उच्चारले जाते. वर्षभराने शेकडो फायलींतून नेमकी फाइल शोधताना तेच कामी येते. प्रत्येक शब्द तीनदा म्हणवून घेतात. यादी वाचताना माणसाचा आवाज शेवटी खाली येतो, त्यामुळे मधला उच्चार बहुधा सर्वात स्वाभाविक मिळतो. त्याच वेळी अभ्यासक आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत शब्द टिपतो, स्वतः उच्चारून दाखवतो आणि बरोबर आहे का ते विचारतो. समोरचा हसला, तर कुठला तरी ध्वनी निसटला आहे हे समजते.

ध्वनी निसटणे किती सहज घडते हे मराठीतच पाहता येईल. ‘हे जग सुंदर आहे’ आणि ‘तू सुखाने जग’ यांतला ‘जग’ आपण एकसारखाच लिहितो, पण ‘ज’ दोन वेगळ्या प्रकारे उच्चारतो. मराठी न येणाऱ्याला हा फरक पहिल्यांदा ऐकूही येणार नाही. म्हणूनच एकाच ध्वनीचा फरक असलेल्या शब्दांच्या जोड्या शोधल्या जातात आणि त्या एकाच चौकटीच्या वाक्यात म्हणवून घेतल्या जातात. अर्थ बदलला तर तो फरक त्या भाषेत महत्त्वाचा असे समजायचे.

शब्दांवरून व्याकरण कसे कळते?

शब्दांनंतर वाक्यांची पाळी येते. इथला नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मराठी अजिबात न येणारा अभ्यासक आपल्या गावी आला आहे अशी कल्पना करू. तो एका पुरुषाकडून ‘मी आंबा खातो’ आणि एका बाईकडून ‘मी आंबा खाते’ अशी वाक्ये मिळवतो. खाणारा बदलला की क्रियापद बदलते, अशी नोंद तो करतो.

मग तो भूतकाळ विचारतो. पुरुष म्हणतो, ‘मी आंबा खाल्ला’. बाईही म्हणते, ‘मी आंबा खाल्ला’. इथे त्याचा आधीचा नियम कोलमडतो. आता तो खाणारा तसाच ठेवून खाण्याची वस्तू बदलतो आणि मिळते, ‘मी पोळी खाल्ली’. म्हणजे भूतकाळात क्रियापद खाणाऱ्याकडे नव्हे, तर खाल्लेल्या वस्तूकडे पाहते. एकाच वेळी खाणारा आणि पदार्थ दोन्ही बदलले असते, तर हा बदल कशामुळे झाला हे कळलेच नसते.

चुका कुठे होतात?

सर्वात मोठा धोका मधल्या भाषेचा. अभ्यासकाने हिंदीतून ‘हम’साठी शब्द विचारला तर मराठी माणूस ‘आम्ही’ सांगेल किंवा ‘आपण’. यापैकी जे पहिले येईल तेच वहीत जाईल. ऐकणाऱ्याला धरून आणि ऐकणाऱ्याला वगळून असे दोन वेगळे ‘आम्ही’ या भाषेत आहेत, हे यादीतून कधीच कळणार नाही. त्यासाठी प्रसंग सांगावा लागतो : तुम्ही आणि तुमचा भाऊ बाजारात जाणार आहात, मी येणार नाही; हे तुम्ही मला कसे सांगाल?

बोट दाखवून विचारणेही फसवे असते. झाडाकडे बोट दाखवले तर उत्तर ‘झाड’, ‘चिंच’, ‘पान’ किंवा ‘हिरवे’ यांपैकी काहीही असू शकते. त्यामुळे तोच शब्द वेगवेगळ्या झाडांवर तपासून पाहावा लागतो.

तिसरी अडचण माणसाच्या भिडस्तपणाची. ‘असं म्हणतात का?’ असे विचारले की पाहुण्याला दुखवायला नको म्हणून अनेक जण ‘हो’ म्हणून टाकतात. म्हणून अभ्यासक मध्येच मुद्दाम चुकीचे वाक्य म्हणून पाहतो. त्यालाही होकार मिळाला, तर त्या दिवशीच्या बाकीच्या होकारांवरही विसंबता येत नाही. ‘तुमची आजी हे कसं म्हणाली असती?’ हा प्रश्न त्यापेक्षा उपयोगी पडतो. शिवाय काही दिवसांनी तेच वाक्य दुसऱ्या व्यक्तीला ऐकवून अर्थ विचारतात. अर्थ जुळला तरच नोंद पक्की होते.

मग यादी निरुपयोगी ठरते का?

नाही. यादी अपुरी पडते, तेव्हाच ती सर्वाधिक शिकवते. अब्बी यांनी ‘बोटावरचे रक्त’ एवढे एकच उत्तर लिहून पुढचा शब्द विचारला असता, तर ‘ओंगतेइ’ म्हणजे रक्त अशी चुकीची नोंद कायमची झाली असती. त्याऐवजी त्या थांबल्या आणि तोच अंश आणखी कुठे येतो ते शोधत गेल्या. शरीराची सात विभागांत वाटणी करणारे असे सात अंश त्यांना सापडले. ते केवळ अवयवांच्या नावांत नव्हे, तर क्रियापदे आणि विशेषणांतही येत होते. या भाषेचे सारे व्याकरणच मानवी शरीराच्या आधारावर उभे आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ग्रेट अंदमानी भाषेचे त्यांचे व्याकरण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

काही गोष्टींसाठी मात्र ठरावीक यादी पुरत नाही. उदाहरणार्थ, पक्ष्यांची नावे. स्वॉडेश यादीत ‘पक्षी’ हा एकच शब्द आहे. अंदमानी माणसाच्या लेखी प्रत्येक पक्षी वेगळा. ती नावे अचूक नोंदवायची तर भाषेच्या अभ्यासकाला पक्षी ओळखणारा जाणकार सोबत लागतो. त्यातूनच पुण्याचे पक्षीतज्ज्ञ सतीश पांडे आणि अब्बी यांचे ग्रेट अंदमानी पक्षीनामांवरील पुस्तक २०११ मध्ये पुण्यातून निघाले.

काम कधी संपते?

शब्द आणि वाक्ये झाल्यावर गोष्टी, गाणी, आठवणी मुद्रित केल्या जातात. विचारून न मिळणारी रूपे ओघात बोलताना येतात. पण एका मिनिटाचे बोलणे उतरवून, तोडून, अर्थ लावायला अनेकदा तासभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, आणि त्यासाठी बोलणारी व्यक्ती शेजारी हवी असते. ग्रेट अंदमानी समूहातील ‘बो’ भाषा बोलणाऱ्या अखेरच्या बोआ सीनिअर २६ जानेवारी २०१० रोजी गेल्या. ‘सारे’ भाषेच्या अखेरच्या जाणकार लिचो यांचे २०२० मध्ये निधन झाले. मुद्रणे जपून ठेवलेली आहेत. त्यातला एखादा शब्द आज अडला, तर ‘रक्त येतंय कुठून?’ असे उलट विचारून अभ्यासकाची चूक दाखवून देणारे मात्र आता फारसे कोणी उरलेले नाही.