उत्तर बरोबर, सिद्धता चूक

‘सर, चूक तिसऱ्या ओळीत आहे,’ असं विद्यार्थिनीनं शिकवणीच्या सरांना कळवलं. तिची श्रेणी होती १/२ + २/४ + ३/८ + ४/१६… दुसऱ्या पदानंतर प्रत्येक पद आधीच्या पदापेक्षा लहान, म्हणजे गुणोत्तर १ पेक्षा कमी; म्हणून श्रेणी अभिसारी, असं तिनं लिहिलं होतं.

उत्तर बरोबर होतं, पण कारण अपुरं. हे तिनं स्वतःच १ + १/२ + १/३ + १/४… या श्रेणीवर ताडून पाहिलं. तिथंही गुणोत्तर १/२, २/३, ३/४ असं कायम १ पेक्षा कमीच राहतं. तरीही १/३ + १/४ ही बेरीज अर्ध्याहून जास्त भरते, पुढची चार पदंही अर्ध्याहून जास्त, त्यापुढची आठही. बेरीज कुठंच थांबत नाही. चौदाव्या शतकात निकोल ओरेमनं हेच दाखवलं होतं.

इथं गुणोत्तर १ च्या हवं तितकं जवळ जातं. गुणोत्तर कसोटीला १ पेक्षा लहान अशी एक पक्की मर्यादा लागते, आणि सिद्धतेचा सगळा भार तिच्यावरच असतो.

तिच्या श्रेणीत ती मर्यादा होती: दुसऱ्या पदापासून गुणोत्तर ३/४, २/३, ५/८ असं उतरतं, ३/४ च्या वर जात नाही. म्हणून दुसऱ्या पदापासूनची बेरीज १/२ ÷ (१ − ३/४), म्हणजे २ च्या पुढं जाऊ शकत नाही.

तिनं तिसरी ओळ तशी बदलली आणि सिद्धता पूर्ण झाली.