पहिल्या पगाराचा हिशेब, बँक खातं न जोडता

नोकरी लागली, पहिला पगार खात्यात जमा झाला, आता खर्च लिहायला अ‍ॅप हवं. ते उघडताच SMS वाचायची परवानगी मागत असेल, तर तिथेच नाही म्हणा. बँक खातं जोडलं नाही, तरी बँकेच्या मेसेजमधून पगार, शिल्लक, हप्ते हे सगळं त्या अ‍ॅपला वाचता येतं. प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या पानावर Data safety हा भाग असतो, तो आधी वाचा.

मेसेज वाचून आपोआप होणारी नोंद अपुरीही राहते. यूपीआय लाइटमध्ये पाचशे रुपये भरले, तर बँकेच्या नोंदीत ते पाचशेच दिसतात. त्यातून चहाला किती गेले आणि रिक्षाला किती, हे तिथे येत नाही. रोजच्या खर्चात अशाच किरकोळ रकमा जास्त असतात, म्हणून हाताने लिहिणं बरं. My Expenses किंवा Money Manager यांत ते बँक न जोडता करता येतं.

कोणतंही अ‍ॅप घ्या, पण त्यात ‘ट्रान्स्फर’ची सोय हवीच. समजा, हिंजवडीत तिघांत फ्लॅट घेऊन राहणाऱ्या मुलाने एटीएममधून 2,000 रुपये काढले आणि ते ‘खर्च’ म्हणून लिहिले. त्यातल्या 1,400 रुपयांची भाजी, मेस आणि रिक्षा झाली, तीही लिहिली. अ‍ॅप 3,400 खर्च दाखवणार, प्रत्यक्षात गेले 1,400 आणि 600 खिशात आहेत. एटीएमची रक्कम बँकेतून रोखीत ‘ट्रान्स्फर’ म्हणून टाकली, की घोळ होत नाही. यूपीआय लाइटमध्ये भरलेले पैसेही तसेच लिहायचे.

दुसरी गफलत वाटणीची. लाइटबिलाचे 1,800 त्याने एकट्याने भरले आणि दोघांनी 600-600 परत दिले. हे 1,200 ‘उत्पन्न’ म्हणून नोंदवले, तर कमाई फुगते आणि विजेचा खर्च तिप्पट दिसतो. ‘मित्रांकडून येणे’ असं वेगळं खातं उघडून 1,200 तिकडे ट्रान्स्फर करावेत आणि खर्च 600 लिहावा. पैसे आले की ते त्या खात्यातून परत बँकेत.

नोंद बरोबर चालली आहे का, हे पाहायला रविवारी पाकिटातली रोकड मोजा आणि अ‍ॅपमधल्या रोख शिलकीशी ताडून पाहा. फरक पडला, तर काहीतरी लिहायचं राहिलंय किंवा दोनदा लिहिलंय. पगार सात तारखेला होत असेल, तर अ‍ॅपमधला महिनाही सातपासून सुरू होईल असं सेटिंग करा. नाहीतर एका पगाराचा खर्च दोन महिन्यांत विभागला जातो.

एक धोका मात्र उरतो. नोंदी फक्त फोनमध्येच असतील, तर फोन हरवल्यावर त्याही जातात. म्हणून पहिल्याच आठवड्यात चार-पाच नोंदी झाल्या, की त्या एक्सेल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढून पाहा. ज्या अ‍ॅपमधून फाइल निघत नाही, ते कितीही देखणं असलं तरी घेऊ नका.